नातू गोठतो त्याचं काय करायचं? – आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातला एक तास

आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणीतरी बोलतं, कधी गुडघेदुखी, कधी मृत्युपत्र, आणि यावेळी सेक्रेटरी काकांनी मला पकडलं. मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली म्हणजे मला नेटमधलं सगळं कळतं असा त्यांचा समज. विषय त्यांनीच दिला, "परदेशातल्या नातवंडांचा व्हिडिओ कॉल मधेच गोठतो, तोंड उघडं राहतं आणि आवाज रोबोटसारखा येतो, त्यावर सांगा."

आधी मी घरी बसून मस्त तयारी केली, समुद्रातल्या केबल, वर्सोव्याला त्या कशा किनाऱ्याला लागतात वगैरे. मग नवऱ्याला म्हणून दाखवलं तर तो म्हणाला, "छान आहे, पण मग मी करू काय, समुद्रात उतरू?" बरोबरच होतं त्याचं. म्हणून ठरवलं की आधी संघातल्या दोन-तीन घरी जाऊन प्रत्यक्ष बघायचं की कॉल नक्की कुठे अडकतोय, आणि मगच तोंड उघडायचं.

पहिलं घर आमच्याच सोसायटीतलं, दुसऱ्या मजल्यावरचे काका-काकू. नात टोरांटोला, सात वर्षांची. दर शनिवारी रात्री नऊला कॉल, तिकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा, थंडीत साडेदहा. काकूंची तक्रार अशी की पाच मिनिटं बरी जातात आणि मग नात पुतळा होते. आणि लगेच वर, "पण आमचं नेट चांगलं आहे हं, मी स्वतःला अगदी स्वच्छ दिसते की!"

हे वाक्य मला नंतर तिन्ही घरात ऐकायला मिळालं म्हणून इथेच सांगते. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात आपण दिसतो ना, ते चित्र नेटवरून फिरून येत नाही. ते आपल्याच कॅमेऱ्यातून थेट आपल्याच स्क्रीनवर येतं, म्हणजे आरशात बघितल्यासारखं. नेट पूर्ण झोपलेलं असलं तरी आपण आपल्याला छानच दिसणार. त्यामुळे पहिला प्रश्न समोरच्याला विचारायचा, "मी तुला कशी दिसतेय, हलतेय का?" या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, कसं ते पुढे.

तर काकू कॉल करतात बेडरूममधून, कारण हॉलमध्ये काकांची मॅच चालू असते. राउटर हॉलमध्ये, टीव्ही युनिटच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, काचेचं दार बंद, आणि त्यावर (मी खरंच हसले) काकूंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. धूळ बसू नये म्हणून! हॉल आणि बेडरूमच्या मधे दोन भिंती, आणि दुसऱ्या भिंतीला लागून लोखंडी कपाट. म्हणजे बिचाऱ्या वायफायने खालच्या कप्प्यातून निघायचं, टीव्हीच्या पाठीला धडकायचं, दोन भिंती ओलांडायच्या आणि शेवटी कपाटावर डोकं आपटायचं.

मी माझ्या फोनवर स्पीड टेस्ट लावली. राउटरच्या समोर उभी राहिले तर येणारं ३८, जाणारं ३६ एमबीपीएस. बेडरूममध्ये पलंगावर, काकू बसतात तिथे, येणारं ६ आणि जाणारं ०.४. काका म्हणाले सहा तर पुष्कळ आहे. हो, पण ते सहा म्हणजे नात आपल्यापर्यंत यायला. आपण नातीपर्यंत जायला उरले ०.४, आणि व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण एक-दीड तरी असलं की निवांत चालतं. गंमत म्हणजे फोनवर वायफायच्या चारपैकी दोन दांड्या दिसत होत्या. दांड्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतोय. फोनचा आवाज राउटरला किती ऐकू जातो ते दांड्या सांगतच नाहीत, आणि फोनचा आवाज मुळात बारीक असतो, राउटर जोरात बोलतो. म्हणून लांब गेलं की आधी आपलं जाणं तुटतं, येणं बरंच नंतर. तिकडून "आजी तू अडकलीस" असं आधी ऐकू येतं ते यामुळे.

रुमाल काढला, राउटर टीव्ही युनिटच्या वर, खांद्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवला. कपाट काही हलवता येणार नव्हतं, त्यात काकूंच्या ५० साड्या. मग काकूंची खुर्ची बेडरूमच्या दारापाशी आणली, जिथून राउटर जवळजवळ दिसतो. परत टेस्ट, जाणारं ११. एक पैसा खर्च नाही. काका आधीच नवा राउटर आणि महागडा प्लॅन घ्यायला निघाले होते, आणि मला विचाराल तर डोंबिवलीतल्या निम्म्या घरांत महागडा प्लॅन असाच कप्प्यात कोंडलेला आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती पण त्या शनिवारी काकूंचा रात्री साडेनऊला फोन, "अगं परत गोठली." मी खाली गेले. कॉल चालूच होता, आवाज नीट येत होता, नात मात्र तोंड वाकडं करून थांबलेली. मी सुनेला विचारलं, आम्ही कशा दिसतोय? ती म्हणाली तुम्ही मस्त दिसताय, मागचा पंखासुद्धा फिरताना दिसतोय. बघा, म्हणजे आपलं जाणं ठीक आहे, अडकतंय ते तिकडून इकडे येणारं. आता त्यात दोन शक्यता, एक तर त्यांचं पाठवणं किंवा आपलं घेणं. म्हणून तो कॉल ठेवून काकूंच्या पुण्याच्या भाच्याला त्याच खुर्चीतून, त्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. भाचा एकदम झकास, दहा मिनिटं एकदाही थांबला नाही. म्हणजे आपलं घेणंही ठीक. उरलं टोरांटो.

विचारल्यावर कळलं की नात टॅब घेऊन तळघरात बसते, तिची खेळणी तिथे, आणि राउटर वरच्या मजल्यावर. म्हणजे इकडच्या बेडरूमचीच कथा, फक्त इंग्रजीत. गेले सहा महिने काका आपल्या नेटवाल्याशी भांडत होते आणि निम्मा दोष तिकडच्या जिन्याचा होता. पण आता हे सुनेला सांगायचं कसं हा काकूंना पडलेला खरा प्रश्न, "तुमचं नेट खराब आहे असं कसं म्हणू, तिला वाटेल सासू कॅनडातसुद्धा चुका काढते." त्यावर मी काही बोलले नाही, तो माझ्या खात्याचा विषय नाही.

दुसरं घर एका आजींचं, एकट्या राहतात, वायफाय नाहीच, मोबाईलचा पॅक. नातू ऑस्ट्रेलियात. त्यांनी स्वतःच निदानाचा धागा हातात दिला, म्हणाल्या, "सकाळी केला तर छान चालतो गं, रात्री आठनंतर केला की नुसतं चक्र फिरतं आणि Reconnecting येतं." जे रोज ठरावीक वेळेनंतर बिघडतं त्याचं कारण बहुतेक वेळा भिंत नसते, कारण भिंत सकाळीही तिथेच असते. त्यांचा पॅक रोज दीड जीबीचा. दीड जीबी संपलं की नेट बंद होत नाही, म्हणून कळत नाही, फक्त वेग ६४ केबीपीएसवर येतो, बऱ्याच पॅकना हीच अट असते. वर एमबीपीएसचे आकडे दिले त्या हिशोबात हे झालं ०.०६४. एवढ्यात व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज जातो, व्हिडिओ कॉल नाही. आणि रात्री बारानंतर परत कोटा मिळतो म्हणून सकाळी सगळं टवटवीत.

मग दीड जीबी जातं कुठे, तर दुपारचं कीर्तन यूट्यूबवर, आणि चौदा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यातले सुप्रभातचे व्हिडिओ आपोआप उतरणारे, आजींनी न बघितलेले सुद्धा. व्हॉट्सअॅपमध्ये Settings मध्ये Storage and data, तिथे Media auto-download म्हणून आहे, त्यात When using mobile data मधल्या सगळ्या खुणा काढल्या. आता व्हिडिओ बघायचा असेल तर बोट लावल्यावरच उतरतो. कीर्तन बंद करा असं सांगायची माझी हिंमत नव्हती, त्याची क्वालिटी मात्र कमी करून दिली, कीर्तनकारांचा चेहरा जरा कमी स्पष्ट दिसला तर बिघडत नाही. आणि कंपनीच्या अॅपमध्ये आज किती डेटा उरलाय ते कुठे दिसतं ते दाखवलं. त्यानंतर आजी संध्याकाळी सहाला आधी ते बघतात आणि मग ठरवतात, कीर्तन की नातू.

तिसऱ्या घरी विशेष काही निघालं नाही, फोन चार्जिंगला लावून, जाड कव्हरमध्ये, तासभर कॉल, फोन तव्यासारखा तापायचा आणि तापला की फोन स्वतःच काम हळू करतो. कव्हर काढा, आधी चार्ज करून घ्या, झालं.

आता प्रत्यक्ष भाषण. वाचनालयाच्या वरचा हॉल, चाळीसेक मंडळी, चहा आधीच झालेला (ही चूक, चहा नंतर ठेवला तर लोक थांबतात). पहिलाच प्रश्न जो येणार हे मला माहीत होतं तोच आला, "यूट्यूब तर न अडकता चालतं, मग कॉलच कसा अडकतो? नेट तेच आहे ना?"

मी विचारलं, तुमच्या सोसायटीत पाणी दिवसातून किती तास येतं? सगळे एकदम बोलायला लागले, पाणी म्हटल्यावर कोण गप्प बसेल. म्हटलं, तरी नळ दिवसभर चालतो ना, कारण गच्चीवर टाकी आहे. खालून पाणी तुटक आलं, मधे अर्धा तास गेलं, तरी टाकीत साठा असतो म्हणून किचनच्या नळाला कळतही नाही. यूट्यूब म्हणजे टाकीचं पाणी, पुढचं अर्धं-एक मिनिट त्याने आधीच आणून साठवलेलं असतं. व्हिडिओ कॉल म्हणजे डायरेक्ट लाइनचा नळ. नातवाने पुढच्या मिनिटाला काय बोलायचं ते अजून तोच बोललेला नाही, साठवणार काय? त्यामुळे लाइन दोन सेकंद जरी गचकली तरी नळ लगेच फुर्रर्र करतो. नेट तेच, पण एकाला टाकी आहे आणि दुसऱ्याला नाही. हे इतकं पटलं की मागच्या रांगेतले एक काका म्हणाले मग कॉलला टाकी बसवून द्या. म्हटलं बसवता येईल, पण मग तुम्ही "कसा आहेस" विचारलं की "बरा आहे" अर्ध्या मिनिटाने ऐकू येईल.

मग पुढच्या रांगेतल्या सहा जणांना एकेक चिठ्ठी दिली, प्रत्येकीवर एक शब्द, "आजी", "मला", "शाळेत", "पहिलं", "बक्षीस", "मिळालं". मी टाळी वाजवली की एकेक चिठ्ठी रांगेतून शेवटच्या काकूंकडे जायची आणि काकूंनी आलेलं लगेच मोठ्याने वाचायचं, थांबायचं नाही. "शाळेत"वाल्या काकांचा चष्मा सापडेना, हे काही मी ठरवून केलं नव्हतं, तर काकूंनी वाचलं "आजी मला पहिलं बक्षीस मिळालं" आणि मग हातात "शाळेत" आलं. आता त्याचं काय करायचं? खिशात ठेवायचं. कॉलमध्ये बोलणं आणि चित्र असंच तुकड्या-तुकड्यांनी येतं आणि उशिरा आलेला तुकडा फेकून देतात, कारण बोलणं पुढे गेलेलं असतं. आवाजात एक तुकडा गेला तर खरखर होते, रोबोट होतो, पण अर्थ लागतो.

चित्राचं जरा वेगळं. फोन प्रत्येक क्षणी पूर्ण फोटो पाठवत नाही, परवडणारच नाही. एकदा पूर्ण चित्र पाठवतो, त्यानंतर फक्त काय बदललं तेवढंच सांगतो. मागचं कॅलेंडर तसंच, कपाट तसंच, फक्त ओठ हलले. आता मधली एक "काय बदललं"ची चिठ्ठी हरवली की पुढच्या चिठ्ठ्यांचा ताळमेळ लागत नाही, मग एक तर चेहरा चौकोनी-चौकोनी पुसट होतो नाहीतर फोन जुनं चित्र धरून थांबतो, नवीन पूर्ण चित्र येईपर्यंत. तोच तो पुतळा. आणि नेट आखडलं की अॅप आधी चित्राचा बळी देतं आणि आवाज वाचवतं, म्हणून पुतळा बोलत राहतो.

यातून एक बिनपैशाचा उपाय निघतो जो मला स्वतःला फार आवडतो. फोन हातात धरून घरभर फिरलं की क्षणाक्षणाला सगळंच बदलतं, म्हणजे चिठ्ठ्या खंडीभर. तोच फोन डब्याला टेकवून उभा केला, मागे साधी भिंत, तोंडावर उजेड, की चिठ्ठ्या एकदम कमी. नातवाला गॅलरीतली जास्वंद दाखवायला धावत जाता ना, तिथेच कॉल मरतो, एक तर चित्र पळतं आणि वर वायफायही लांब जातं. जास्वंदीचा फोटो काढून पाठवा.

मग डब्याचा प्रयोग. माझ्या एका फोनचं हॉटस्पॉट चालू केलं, त्यावर सेक्रेटरी काकांचा फोन जोडला आणि मुलीला कॉल लावला. छान चालू. मग हॉटस्पॉटचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, आणि कॉल चालूच राहिला! सगळे हसले, मी घाबरले. बघितलं तर झाकण एका बाजूने उचललेलं होतं, तेवढ्या फटीतून सिग्नल निघत होता. झाकण दाबून बसवलं आणि थोड्या वेळात मुलीचा चेहरा थांबला, Reconnecting. झाकण काढलं, परत चालू. यापुढे राउटर लोखंडी कपाटाआड, टीव्हीमागे ठेवू नका हे मला शब्दात सांगावंच लागलं नाही.

प्रश्नोत्तरात एकांनी विचारलं, वायफायच्या यादीत आमच्या नावाची दोन वायफाय दिसतात, एकाच्या पुढे 5G, आमचा फोन तर 4G आहे मग ते चालेल का. हा घोळ खूप घरांत आहे. वायफायच्या नावातलं 5G म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काडीचा संबंध नाही. फोनला ते यादीत दिसतंय म्हणजे चालतं. राउटरच्याच खोलीत बसून बोलणार असाल तर हेच लावा, वेगवान असतं आणि त्यावर गर्दी कमी. दोन भिंती मधे असतील तर बिना-5Gवालं, म्हणजे २.४चं, ते भिंतीतून जास्त पार जातं. पण २.४ वर शेजारच्या वीस घरांची वायफाय आणि चालू असेल तर मायक्रोवेव्हसुद्धा कलकलाट करतात, आमच्यासारख्या चिकटून बांधलेल्या बिल्डिंगांत तर विचारूच नका. त्यामुळे राउटरजवळ येऊन बसणं हेच बरं.

एका काकूंचा मुलगा दुबईत, व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात पण कॉल धड लागत नाही. ते तुमचं नेट नाही, तिकडे व्हॉट्सअॅपच्या कॉलवर निर्बंध आहेत, तिकडे परवानगी असलेलं कुठलं अॅप तो वापरतो ते त्यालाच विचारा आणि तेच टाका. राउटर कितीही फिरवा, काही होणार नाही.

आणि अंतराचं. "अमेरिका लांब आहे म्हणून अडकतं" असं निम्म्या हॉलचं मत होतं. केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, इथून अमेरिकेला जाऊन परत यायला पाव सेकंद धरा, थोडं कमी-जास्त. त्यामुळे दोघं एकदम बोलायला लागतात आणि दोघं एकदम गप्प होतात, तेवढंच. त्याला उपाय नाही, बोलून झालं की जरा थांबायचं. पण चित्र गोठणं हा बहुतेक वेळा शेवटच्या वीस फुटांचा उद्योग असतो, त्यांच्या नाहीतर आपल्या घरातल्या. कधीतरी समुद्रातली केबल खरंच तुटते, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तुटल्या होत्या तेव्हा आपल्याकडेही नेट मंदावलं होतं, पण तशी गोष्ट रोज रात्री नऊला होत नाही.

निघताना सेक्रेटरी म्हणाले एका वाक्यात सांगा, कॉल अडकला की पहिलं काय करायचं. म्हटलं तीन करा, पण याच क्रमाने. आधी विचारा मी कशी दिसतेय. मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर दोन मिनिटं बघा, किंवा डेटावर असाल तर उलट, सुधारलं तर कुठलं दुखणं ते कळलं. नाही सुधारलं तर त्याच जागेवरून गावातल्याच कुणाला तरी कॉल लावा, तोही अडकला तर आपलं घर, तो नीट चालला तर तिकडचं. राउटर बंद-चालू करणं ज्याला त्याला माहीत असतं म्हणून सांगितलं नाही, कधीकधी खरंच चालतं ते, पण रोज करावं लागत असेल तर कारण दुसरीकडे आहे.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. सुनेला काही सांगितलंच नाही म्हणाल्या, थेट नातीलाच सांगितलं, "तळघरात तू भुतासारखी दिसतेस गं, वर खिडकीत बसलीस की गोरी दिसतेस." आता नात स्वतःच टॅब घेऊन वर येते आणि शनिवारचा कॉल पाऊण तास चालतो. क्रोशाचा रुमाल मात्र परत राउटरपाशी आलाय, मी बघितलं, पण यावेळी राउटरच्या खाली अंथरलाय.